शिफ्टचा हिशोब: सेन्सरच्या नोंदींवरून डाऊनटाइम आणि उत्पादन कसे काढावे

मशीनवर सेन्सर बसला की दर शिफ्टला हजारो ओळींची फाइल तयार होते. सुपरवायझरला मात्र सकाळच्या मीटिंगला जाण्यापूर्वी एवढेच कळायला हवे असते: मशीन किती वेळ बंद होते, कशामुळे, आणि माल किती निघाला. त्या फाइलपासून या एका पानापर्यंत कसे पोहोचायचे, ते इथे एका इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या शिफ्टवर करून दाखवले आहे. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण एकमेकांशी जुळते आहेत. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहता येतील.

मशीनचा नंबर IM07. मोल्ड चार कॅव्हिटीचा, म्हणजे एका शॉटमध्ये चार नग. सेटिंग शीटवरचा सायकल टाइम ३६ सेकंद. म्हणजे तासाला १०० शॉट, ४०० नग. शिफ्ट तीन: ७ ते ३, ३ ते ११ आणि रात्री ११ ते सकाळी ७. जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्या वेळी बदली माणूस नसतो, मशीन बंद ठेवतात. चहाच्या वेळी बदली माणूस असतो. थोडक्यात, ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये कामाची वेळ ४५० मिनिटे, आणि काहीच बिघडले नाही तर ७५० शॉट, ३,००० नग.

पहिली पायरी: नोंद कशाची आहे ते मशीनपाशी जाऊन पाहा

फाइल उघडण्याआधी मशीनपाशी जा आणि सिग्नल नेमका कुठून घेतला आहे ते बघा. आपल्या उदाहरणात सरकत्या प्लेटनजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे. मोल्ड बंद झाला की एक पल्स येते आणि लॉगरमधला काउंटर एकने वाढतो. याचा अर्थ, सेन्सर नग मोजत नाही. तो मोल्ड किती वेळा बंद झाला एवढेच मोजतो. मोल्ड उघडा ठेवून पर्जिंग केले तर काहीच मोजले जात नाही, आणि मटेरियल न भरता मोल्ड नुसता उघडबंद करून पाहिला तरी एक शॉट मोजला जातो. पुढे हिशोबात चार-आठ नगांचा फरक येतो, तो बहुतेक वेळा इथलाच असतो.

फाइल अशी दिसते:

```
2025-03-11 09:09:21,IM07,SHOT,480905
2025-03-11 09:09:59,IM07,SHOT,480906
2025-03-11 09:10:00,IM07,ALIVE,1
2025-03-11 09:11:00,IM07,ALIVE,1
...
2025-03-11 09:48:35,IM07,SHOT,480907
```

`ALIVE` ही ओळ लॉगर दर मिनिटाला स्वतःहून पाठवतो, मशीन चालू असो वा बंद. ही ओळ तुमच्या फाइलमध्ये नसेल तर लॉगर बसवणाऱ्याकडून ती आधी सुरू करून घ्या. कारण शॉटच्या नोंदी थांबल्या, तर मशीन थांबले की लॉगरच मेला, हे एरवी कळायला मार्ग नाही. बहुतेक चुकीचे डाऊनटाइम रिपोर्ट इथेच जन्माला येतात. लॉगरला मशीनच्याच पॅनलमधून सप्लाय दिला असेल तर लाइट गेल्यावर दोघेही एकदम गप्प होतात, म्हणून लॉगरला छोटा वेगळा यूपीएस हवा.

दुसरी पायरी: वेळ आणि पल्स साफ करा

घड्याळ तपासण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे जेवणाची सुट्टी. ११ ते ११:३० चा थांबा फाइलमध्ये पहाटे साडेपाचला दिसत असेल, तर लॉगर भारतीय वेळ न लिहिता यूटीसी लिहितो आहे. प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवा, आणि ते एकाच ठिकाणी मिळवा. लॉगरमध्येही बदल केला आणि शीटमध्येही केला, असे झाले की जेवण संध्याकाळी साडेचारला सरकते. १९७० किंवा २००० सालची तारीख दिसली तर लॉगरच्या घड्याळाची बॅटरी संपली आहे आणि लाइट गेल्यावर त्याची वेळ पुसली गेली आहे.

मग दुहेरी पल्स. सेन्सरचा ब्रॅकेट ढिला झाला की प्लेटन थरथरते तेव्हा एका शॉटला दोन पल्स येतात. ३६ सेकंदांच्या मोल्डमध्ये १८ सेकंदांत दुसरा शॉट येणे शक्यच नाही. म्हणून सायकल टाइमच्या निम्म्याहून कमी अंतराने आलेली पल्स वगळा. पण वगळलेल्या पल्स किती, हेही लिहून ठेवा. एका शिफ्टमध्ये दोन-तीन असतील तर सोडून द्या, तीस-चाळीस असतील तर मेंटेनन्सला ब्रॅकेट आवळायला सांगा. काउंटर लॉगरच्या आत वाढतो, त्यामुळे जादा पल्स त्याच्या आकड्यातही मुरलेली असते. अशा वेळी शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करून चालत नाही, ओळी मोजाव्या लागतात.

काउंटर मध्येच शून्यावर आला तर घाबरू नका. काही लॉगर लाइट गेल्यावर शून्यापासून सुरू होतात, आणि १६ बिटचा काउंटर ६५,५३५ नंतर आपोआप शून्यावर येतो. वजाबाकी उणे आली की तिथे नवी मोजणी सुरू झाली असे धरायचे.

तिसरी पायरी: थांबा कशाला म्हणायचे ते ठरवा

दोन शॉटमधले अंतर नेहमीपेक्षा वाढले म्हणजे लगेच मशीन बंद पडले असे नाही. सेमी-ऑटोवर ऑपरेटर स्वतः दार उघडून नग काढतो, त्याला पाच-दहा सेकंद जास्त लागतात. म्हणून मर्यादा सायकल टाइमच्या दुप्पट ठेवा. इथे ७२ सेकंद. त्याखालचा वेळ हा मंद चालण्याचा, त्यावरचा थांब्याचा. थांबा पाच मिनिटांपेक्षा मोठा असेल तर त्याला कारण लागलेच पाहिजे. छोट्यांना एकेक कारण विचारत बसलात तर ऑपरेटर दुसऱ्या दिवसापासून मनाला येईल ते लिहील.

सायकल टाइम सेटिंग शीटवरचा घ्या, फाइलमधली सरासरी नको. सरासरीत थांबे मिसळलेले असतात, शिवाय मशीन रोज मंद चालत असेल तर तो मंदपणाच नियम होऊन बसतो. मोल्ड बदलला की हा आकडा बदलतो. तेव्हा कोणता मोल्ड कधीपासून मशीनवर आहे, याचा छोटा तक्ता वेगळा ठेवा.

आता एक गोष्ट, जी नवखे हमखास विसरतात. दोन शॉटमधल्या अंतरात एक सायकल कामाची असते, ती वजा करायला हवी. वरच्या नोंदीत ९:०९:५९ ते ९:४८:३५ हे अंतर ३८ मिनिटे ३६ सेकंद आहे. त्यातले ३६ सेकंद मशीन काम करत होते, थांबा ३८ मिनिटांचा. मोठ्या थांब्यात हा फरक नगण्य वाटतो, पण आपल्या शिफ्टमध्ये छोटे थांबे १४ आहेत. त्यांच्या अंतरांची नुसती बेरीज २९ मिनिटे २४ सेकंद येते आणि सायकल वजा केल्यावर २१ मिनिटे.

एक्सेलमध्ये `A` स्तंभात शॉटची वेळ असेल तर थांब्याचे सेकंद असे निघतात:

```
=IF((A3-A2)*86400>72,(A3-A2)*86400-36,0)
```

चौथी पायरी: शिफ्टच्या रेषेवर कापा

रात्रीची शिफ्ट तारीख ओलांडते. पहाटे चारचा शॉट आदल्या दिवशीच्या शिफ्टचा आहे. वेळेतून सात तास वजा केले की उत्पादनाची तारीख आणि शिफ्ट दोन्ही सरळ मिळतात:

```
=INT(A2-7/24+0.000001)
=INT(MOD(A2-7/24+0.000001,1)*3)+1
```

शेवटचा बारीक आकडा एवढ्यासाठी, की बरोबर ३ वाजताचा शॉट दशांशाच्या चुकीने आधीच्या शिफ्टमध्ये पडू नये.

शॉट एका क्षणाचा असतो, तो कुठल्या तरी एकाच शिफ्टमध्ये पडतो. थांबा मात्र दोन शिफ्टवर पसरू शकतो. आपल्या उदाहरणात रात्रीच्या लोकांनी मोल्ड बदलायला घेतला, मशीन ६:३८ ला थांबले आणि ७:२२ ला सुरू झाले. हा ४४ मिनिटांचा थांबा अख्खा सकाळच्या शिफ्टवर टाकला तर तिथला सुपरवायझर तुमच्या शीटवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन्हीकडे २२-२२ मिनिटे वाटा.

जेवणाच्या सुट्टीलाही हेच लागू. मशीन १०:५६ ला थांबले, ११:३९ ला सुरू झाले, म्हणजे ४३ मिनिटे. त्यातली ३० ठरलेली, उरलेली १३ डाऊनटाइम. यातली चार आधी उठल्याची आणि नऊ उशिरा सुरू झाल्याची. दोन्ही कामांना एकच सूत्र पुरते. `D` आणि `E` मध्ये थांब्याची सुरुवात-शेवट, `F` आणि `G` मध्ये शिफ्टची किंवा सुट्टीची:

```
=MAX(0,MIN(E2,G2)-MAX(D2,F2))*1440
```

साप्ताहिक सुट्टीही तक्त्यात आधीच भरून ठेवा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात ती बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी असते, आणि एखाद्याने रविवार गृहीत धरून शीट बनवली तर दर गुरुवारी १,४४० मिनिटांचा ब्रेकडाऊन छापून येतो. बुधवारची नाइट गुरुवारी सकाळी सातला संपते, तेव्हा सुट्टीही सातपासून सातपर्यंत धरा, मध्यरात्रीपासून नव्हे.

पाचवी पायरी: नोंदच नसेल तेव्हा

दुपारी २:१० ते २:२० या वेळात आपल्या फाइलमध्ये शॉटही नाहीत आणि `ALIVE` ही नाही. सलग तीन मिनिटे `ALIVE` नसेल तर त्या वेळाला थांबा म्हणू नका, ‘नोंद नाही’ म्हणा. मग काउंटर बघा. दहा मिनिटांआधी तो 481220 होता, नंतर 481236. सोळा शॉट वाढले, म्हणजे मशीन चालूच होते, फक्त नेटवर्क गेले होते. ते सोळा शॉट उत्पादनात धरा, डाऊनटाइम शून्य. काउंटर तेवढाच राहिला असता तर मशीन खरोखर बंद होते. आणि काउंटरच शून्यावर गेला असता तर काहीच सांगता येत नाही. अशा वेळी शीटवर ‘नोंद नाही – १० मि.’ असेच छापायचे. रिकामी जागा अंदाजाने भरली, की खरे आकडे कोणते आणि अंदाज कोणते, हे आठवड्याने तुम्हालाही आठवणार नाही.

सहावी पायरी: कारण माणसाकडून घ्या

मशीन थांबले हे सेन्सर सांगतो, का थांबले ते नाही. पाच मिनिटांवरच्या थांब्यांची यादी शिफ्ट संपण्याआधी अर्धा तास ऑपरेटर किंवा सेटरच्या हातात द्या आणि समोर कारण लिहून घ्या. थांब्याच्या वेळा छापलेल्या असल्या की आठवायला सोपे जाते. कारणे आठ-नऊच ठेवा: मोल्ड बदल, मटेरियल नाही, मशीन बिघाड, मोल्ड बिघाड, वीज-पाणी-हवा, ऑपरेटर नाही, सेटिंग, क्वालिटीच्या मंजुरीची वाट, प्लॅन नाही. ‘इतर’ ठेवलेच तर त्यापुढे दोन शब्द लिहिणे सक्तीचे करा. नाहीतर महिनाअखेरीस सर्वांत मोठे कारण ‘इतर’ हेच निघते. ज्या थांब्याचे कारण मिळाले नाही तिथे ‘कारण नोंदलेले नाही’ असे राहू द्या.

याच कागदावर आणखी एक प्रश्न विचारायचा, तो सगळ्यांत महत्त्वाचा: किती कॅव्हिटी चालू होत्या आणि केव्हापासून? एखाद्या कॅव्हिटीत कोअर पिन तुटली की सेटर ती कॅव्हिटी बंद करून उरलेल्या तिनांवर काम चालू ठेवतो. मशीन त्याच लयीत चालते, पल्स येत राहतात, सेन्सरला काही पत्ता नसतो. आपल्या शिफ्टमध्ये दुपारी बारापासून एक कॅव्हिटी बंद आहे.

सातवी पायरी: जुळवणी

आता मोजू. मोठे थांबे २२, ३८, १३ आणि दुपारी १:२० चा एक ७ मिनिटांचा. एकूण ८०. छोटे २१. कामाच्या ४५० मिनिटांतून १०१ गेली, मशीन ३४९ मिनिटे चालले.

शॉट मिळाले ५५१. ३६ सेकंदांच्या हिशोबाने त्यांना साधारण ३३१ मिनिटे लागायला हवीत, लागली ३४९. अठरा मिनिटे मंद चालण्यात गेली. फाइलमध्ये शॉटमधले नेहमीचे अंतर ३८ सेकंद दिसते. कारण साधे निघाले: मोल्ड बदलल्यावर नग वाकडे येत होते म्हणून कूलिंग टाइम दोन सेकंदांनी वाढवला आणि तो तसाच राहिला.

बारापर्यंतचे २९१ शॉट चार कॅव्हिटीचे, म्हणजे १,१६४ नग. नंतरचे २६० शॉट तीनचे, ७८० नग. एकूण १,९४४. आता हा आकडा क्रेटशी ताडून बघा. शंभरच्या १८ क्रेट आणि वर ५२, म्हणजे चांगले नग १,८५२. रिजेक्शन पेटीत ८४. बेरीज १,९३६, फरक आठचा. ९:४८ ला मशीन सुरू करताना सेटरने मोल्ड दोनदा रिकामा उघडबंद केला, त्याचेच हे आठ. फरक एका टक्क्याच्या आत असेल आणि कारण सापडत असेल तर पुढे जा. शंभर-दोनशेचा फरक आला तर आधी कॅव्हिटीची नोंद बघा, मग दुहेरी पल्स, मग मागच्या शिफ्टची अर्धवट क्रेट.

रिजेक्शनचे ८४ कुठून आले तेही थांब्यांशी जोडून बघण्यासारखे आहे. मोल्ड बदलल्यावरचे पहिले १२ शॉट टाकून दिले, ते ४८. उरलेले ३६ म्हणजे ९:४८ नंतरचे नऊ शॉट. कूलिंग टॉवरचा पंप ट्रिप झाला, हायड्रॉलिक ऑइल तापले, मशीन अलार्मवर थांबले, आणि तेवढा वेळ नायलॉन गरम बॅरलमध्ये पडून राहून करपले. काळे ठिपके त्याचेच. पुरते पर्जिंग न करता मशीन सुरू केले की हे असे होते.

आठवी पायरी: एक पान, एकाच मापात

बहुतेक शीटवर ओईई, म्हणजे शक्य होता त्यापैकी किती चांगला माल निघाला, याचा टक्केवारीचा एकच आकडा छापलेला असतो. या शिफ्टचा तो जवळपास ६२ येतो, म्हणजे १,८५२ भागिले ३,०००. आकडा खरा आहे, पण त्यावरून सुपरवायझरने कुठे जायचे ते कळत नाही. त्यापेक्षा सगळे नुकसान मिनिटांत मांडा. तीन हजार नग ४५० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला पावणेसात नगांच्या आसपास. नेमका भागाकार ४०० भागिले ६०. कॅव्हिटी बंद असल्याने २६० नग बुडाले, ती ३९ मिनिटे. रिजेक्शन आणि रिकामे शॉट मिळून ९२ नग, १४ मिनिटे.

```
IM07   ११ मार्च   फर्स्ट शिफ्ट
कामाची वेळ            ४५० मि.
चांगला माल   १,८५२ नग = २७८ मि.
एक कॅव्हिटी बंद          ३९ मि.  (१२:०० पासून)
कूलिंग पंप ट्रिप          ३८ मि.  (९:१०)
मोल्ड बदल              २२ मि.  (७:०० पर्यंत नाइटचे २२ वेगळे)
छोटे थांबे, १४            २१ मि.
सायकल ३६ ऐवजी ३८      १८ मि.
रिजेक्शन, रिकामे शॉट      १४ मि.
जेवणाआधी-नंतर          १३ मि.
कारण नोंदलेले नाही        ७ मि.  (१:२०)
नोंद नाही               ० मि.  (२:१० ची १० मि. काउंटरने भरली)
```

बेरीज ४५० यायलाच हवी. नाही आली तर शीट देऊ नका.

आता नुकसानीच्या पहिल्या दोन ओळी पाहा. पंप ट्रिपची सगळ्या शॉपमध्ये चर्चा झाली असेल, मेंटेनन्सचा माणूस धावला असेल. बंद कॅव्हिटीने तितकेच नुकसान केले आणि तेही मशीन सुरळीत चालू असताना. शिवाय पंप दुरुस्त झाला, कॅव्हिटी मात्र सेकंड शिफ्टमध्येही बंदच राहणार आहे. तीन कॅव्हिटीवर पूर्ण शिफ्ट काढली तर एक चतुर्थांश माल जातो. म्हणून या पानावरून निघणारे पहिले काम टूल रूमला कोअर पिनसाठी फोन करणे हे आहे, आणि दुसरे म्हणजे सायकल पुन्हा ३६ वर आणता येते का ते सेटरकडून पाहणे. छोट्या १४ थांब्यांसाठी वेळा काढून बघा. एकाच तासात गर्दी असेल तर नग अडकणे किंवा हॉपरला मटेरियल वेळेवर न मिळणे असे काहीतरी ठरावीक कारण असते. शिफ्टभर विखुरलेले असतील तर त्या दिवशी तरी त्यांच्या मागे लागू नका.

आठवड्याची शीट करताना टक्क्यांची सरासरी काढू नका, मिनिटांची बेरीज करा. एका शिफ्टमध्ये ४५० पैकी ३६० मिनिटे मशीन चालले, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्यात प्लॅनच १५० मिनिटांचा होता आणि चालले ६०, म्हणजे ४० टक्के. सरासरी ६० येते. प्रत्यक्षात ६०० पैकी ४२० मिनिटे मशीन चालले, म्हणजे ७० टक्के.